आपल्या संयमाबद्दल धन्यवाद

कानातल्या मळाची किळस नाही का येत, असं उत्तरेबाईंना नवा माणूस हमखास विचारायचा. प्रश्न साहजिक होता. त्या नोकरीला होत्या त्या कंपनीत श्रवणयंत्रं दुरुस्तीला यायची. कुणी काड्यापेटीत घालून पाठवायचं, कुणी औषधाच्या रिकाम्या बाटलीत, कुणी नुसती हातरुमालाच्या पुरचुंडीत. पार्सल फोडलं की जुन्या मेणासारखा एक कोंदट वास यायचा. कानात बसणाऱ्या साच्यांवर पिवळट थर असायचा, नळीत काळपट खडे असायचे. उत्तरेबाई म्हणायच्या, "त्यात किळस कसली? माणसाचा कान आहे, मळणारच."

त्यांचं आडनाव उत्तरे नव्हतं. आलेल्या पत्रांना उत्तरं लिहायचं त्यांचं काम, म्हणून कुणीतरी थट्टेत हे नाव ठेवलं. सत्तावीस वर्षांत ते इतकं चिकटलं की हजेरीच्या यादीतलं खरं आडनाव वाचलं तर चपराशीही क्षणभर अडखळायचा. वरच्या मजल्यावर खिडकीशी त्यांचं टेबल. टेबलावर दोन ट्रे. डावीकडे इंग्रजी पत्रं, ती दवाखान्यांची, परदेशी विक्रेत्यांची. उजवीकडे मराठी, ती घराघरांतून आलेली. कारखाना खाली होता. तिथं भिंग डोळ्याला लावून बसणारा मुख्य कारागीर होता. त्याला सगळे भिंगवाले म्हणत.

इंग्रजी पत्रं लिहायला उत्तरेबाईंना शिकवलं ते जुन्या साहेबांनी. नोकरी लागून महिना झाला होता. एका दवाखान्यानं तीन यंत्रांची चौकशी केली होती आणि त्याला उत्तर द्यायला अकरा दिवस उशीर झाला होता. एकोणतीस वर्षांच्या उत्तरेबाईंनी मराठीत सुचेल तसं इंग्रजीत उतरवलं. आधी नोंदीचा माणूस रजेवर होता, मग तपासणीचं मशीन बिघडलं, मग स्वतःलाच ताप आला, तापातही पत्राची आठवण होती, तरी कृपया गैरसमज करून घेऊ नये. पान भरलं. जुन्या साहेबांनी लाल पेन्सिल घेतली आणि पहिले चार इंग्रजी शब्द सोडून, म्हणजे 'सॉरी फॉर द डिले' एवढं सोडून, सगळं खोडलं. खाली यंत्रं कधी निघतील ती तारीख लिहिली.

"माझं खोटं वाटतंय का तुम्हाला?" उत्तरेबाईंचा आवाज बारीक झाला होता.

"खरं आहे, म्हणूनच सांगतोय," साहेब म्हणाले. "तिकडची बाई तुमच्या तापाचं काय करणार? आता तिला आधी लिहावं लागेल की बऱ्या आहात ना, काळजी घ्या, काही हरकत नाही. म्हणजे उशीर तुम्ही केलात आणि समजूत घालायचं काम तिला लावलंत. इंग्रजीत असली माफी म्हणजे दारातलं पायपुसणं. पाय पुसायचे आणि आत यायचं. त्याच्यावर उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत."

"कारण द्यायचंच नाही?"

"द्यायचं, वाचणाऱ्याच्या उपयोगाचं असेल तर. तेही अर्ध्या वाक्यात. 'वर्कशॉपच्या अहवालासाठी थांबलो होतो,' एवढं पुरे. लांबण लावलंत तर त्यांना वाटतं, हा माणूस काहीतरी झाकतोय."

"आणि उशिरामुळं कुणाचं नुकसान झालं असेल तर?"

साहेबांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग एक ओळ इंग्रजीतही चालत नाही. काय चुकलं, आपलं कुठं चुकलं, आता काय करतोय, ते लिहायचं. पण झालेल्या चुकीचा हिशेब द्यायचा, आपल्या दुखण्यांचा नाही."

मराठीचं मात्र त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. ते घरातच होतं. उत्तरेबाई आणि त्यांची धाकटी बहीण दोघी एकत्र राहायच्या. धाकटी दवाखान्यात परिचारिका होती. गावाकडं असलेल्या मामांचा निरोप आला आणि उत्तर द्यायला नऊ दिवस लागले तर धाकटी नुसतं 'उशिराबद्दल क्षमस्व' असं कधीच म्हणायची नाही. ती फोन लावायची आणि सुरू व्हायची, "मामा, निरोप त्याच दिवशी मिळाला हो, मी ताईला म्हटलंसुद्धा की मामांना आधी कळवू. पण मग सलग रात्रपाळ्या लागल्या, त्यात ताईचा दात ठणकायला लागला, आणि तुमच्याशी बोलायचं तर निवांत बोलावं, घाईघाईत काय, म्हणून राहूनच गेलं बघा." पलीकडं मामा हुंकार द्यायचे, मध्येच दाताची चौकशी करायचे, दाढ की पुढचा असं विचारायचे. रागवायला बसलेला म्हातारा पाच मिनिटांत लवंगतेलाचे उपाय सांगायला लागायचा.

त्या लांबलचक कारणात खरं सांगणं एकच असायचं, की मधल्या नऊ दिवसांत तुम्ही आमच्या मनातून गेला नव्हतात. 'माफ करा' हा शब्द त्यात येतही नसे. घरात तो शब्द जड पडतो, जणू फार मोठं काही घडलंय. 'क्षमस्व' तर कागदावरचाच. तो तोंडी कुणी म्हणालं तर हसू येईल. 'मी उत्तर दिलं नाही' असंही कुणी म्हणत नाही. 'राहून गेलं' म्हणतात, जणू उत्तर स्वतःच्याच पायानं मागे रेंगाळलं. ते चालतं, पण कसं राहून गेलं हे सांगितलं तरच. कारण न सांगता नुसती माफी मागितली तर मामांनी फोन ठेवला असता आणि मामींना म्हटलं असतं, "पोरी मोठ्या झाल्या. आता आपल्याशी ऑफिसातल्यासारखं बोलतात."

कधी कधी कारण खोटं असायचं. 'पाहुणे आले होते' हे तर इतकं वापरून गुळगुळीत झालेलं की सांगणाऱ्यालाही ठाऊक, ऐकणाऱ्यालाही ठाऊक. तरी चालायचं. निदान खोटं रचायचे कष्ट तरी घेतले.

जुने साहेब निवृत्त झाले. मग आणखी दोघे येऊन गेले, आणि मग आले ते इस्त्रीसाहेब. सदऱ्याची घडी दुपारी चारलाही मोडायची नाही, म्हणून हे नाव. माणूस वाईट नव्हता. कुणाचं नाव विसरायचा नाही, आवाज चढवायचा नाही. त्यांनी आल्या आल्या पत्रांची पाहणी केली आणि म्हणाले, "इंग्रजी पत्र चार ओळींचं आणि मराठी पत्र दीड पानाचं. एकाच कंपनीची दोन तोंडं कशाला?"

महिन्याभरात त्यांनी नमुने तयार करून आणले. उशिराच्या उत्तराचा एक इंग्रजी नमुना, आणि शब्दाला शब्द लावून केलेला त्याचा मराठी अवतार. उत्तरेबाईंनी तो मोठ्यानं वाचला. "आपल्या पत्रास उत्तर देण्यात झालेल्या विलंबाबद्दल क्षमस्व. आपल्या संयमाबद्दल धन्यवाद. आपली श्रवणसुविधा आमच्यासाठी महत्त्वाची आहे."

इथं त्यांना पहिल्यांदा किळस आली. तोंडात केस गेल्यावर येते तशी; जीभ फिरवत राहावी आणि तो सापडू नये.

"साहेब, हे इंग्रजीत ठीक आहे," त्या म्हणाल्या. "'थँक यू फॉर युअर पेशन्स' तिकडं रोज म्हणतात, ते कुणी शब्दशः घेत नाही. पण मराठीत एखाद्याला तुमच्या संयमाबद्दल धन्यवाद म्हटलं की ते चिडवल्यासारखं लागतं. त्यानं संयम ठेवलेलाच नसतो. तो बिचारा दोन महिने धुमसत असतो, आणि आपण त्याला शाबासकी देतोय."

"सभ्य भाषा आहे बाई. 'क्षमस्व' आहेच की वर."

"एका कार्यालयानं दुसऱ्या कार्यालयाला लिहायला 'क्षमस्व' पुरतं. माणसाला लिहायचं तर का उशीर झाला ते सांगावं लागतं. नाहीतर ती माफीच होत नाही, दार लावल्यासारखं होतं."

"का ते लिहिलं की चूक कबूल केल्यासारखं होतं," इस्त्रीसाहेब शांतपणे म्हणाले. "आणि कारणं देणं म्हणजे सबबी सांगणं. लोकांना सबबी नको असतात."

"ते इंग्रजीचं झालं. आणि इंग्रजीतसुद्धा, यंत्र हरवलं असेल तर—"

"नमुना ठरला आहे, बाई."

त्याच दुपारी साहेबांनी त्यांचा उजवा ट्रे उचलला. त्यात उत्तराविना पडलेली त्रेचाळीस पत्रं होती. छपाईयंत्रातून त्रेचाळीस कागद निघाले, वर फक्त नावं बदललेली. शिपायानं ते गठ्ठ्यानं आणून ठेवले आणि उत्तरेबाईंनी सह्या केल्या. सत्तावीस वर्षं झाली होती, निवृत्तीला दोन राहिली होती. सही करताना त्यांनी नावं वाचली नाहीत. वाचली असती तर एका नावाशी हात थांबला असता, आणि तो थांबावा असं त्यांना वाटत नव्हतं.

ते नाव एका म्हाताऱ्या जुळाऱ्याचं होतं. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवण्यात त्याचा जन्म गेला होता. बायकोचं यंत्र त्यानं दुरुस्तीला पाठवलं होतं, सोबत पत्र. अक्षर असं की ओळीखाली पट्टी धरल्यासारखं. 'सौ.चे यंत्र आठ दिवसांपासून बंद आहे. तिला दोन्ही कानांनी जवळजवळ ऐकू येत नाही. तरी लवकर पाहावे.' बस्स. यंत्र आलं, पत्र उत्तरेबाईंकडं आलं, आणि मधेच यंत्र नाहीसं झालं.

साडेतीन आठवड्यांनी दुसरं पत्र आलं, ते मोठं होतं. आणि त्याची सुरुवात माफीनं होती. चूक कंपनीची, माफी त्याची. 'पुन्हा त्रास देतो, राग नसावा. आपल्याकडे काम पुष्कळ असेल हे जाणून आहे. पण सौ.ची थोरली बहीण परगावी अंथरुणाला खिळली आहे. दर रविवारी सकाळी ती फोन करते. इतकी वर्षं दोघींचा हा नेम आहे. आता फोन येतो, सौ. कानाला लावते, आणि काही ऐकू येत नाही म्हणून माझ्याकडे देते. मी काय बोलणार? बहिणीबहिणींचे बोलणे मला येत नाही. तरी यंत्राचे काय झाले, एवढे कळवल्यास बरे होईल.'

उत्तरेबाईंनी ते पत्र दोनदा वाचलं आणि खाली भिंगवाल्यांकडं गेल्या. "नोंद आहे, यंत्र नाही," ते म्हणाले. "शोधतो." त्या वर आल्या, कोरा कागद घेतला आणि थांबल्या. लिहायचं काय? यंत्र सापडत नाही, असं नुसतं कसं लिहायचं? कसं हरवलं, कुणाकडून, हे कळायला नको? अशा पत्राला नीट उत्तर द्यायला हवं, अर्धवट काही लिहिलं तर तोंडदेखलं वाटेल. कारण कळलं की सविस्तर लिहू. त्यांनी पत्र उजव्या ट्रेमध्ये ठेवलं, सगळ्यात वर, मुद्दाम डोळ्यांसमोर.

दुसऱ्या दिवशी त्याच्यावर दुसरी पत्रं आली.

पंधरा दिवस गेले. आता उत्तर लिहायचं तर यंत्राचंही कारण द्यायला हवं होतं आणि पंधरा दिवसांचंही. उशीर वाढेल तसं कारण मोठं लागत होतं, आणि मोठं कारण गोळा होईपर्यंत उशीर आणखी वाढत होता. डाव्या ट्रेमध्ये असलं काही होत नसे. त्याच आठवड्यात एका दवाखान्याचं यंत्र असंच सापडत नव्हतं, तर त्यांनी पाच मिनिटांत इंग्रजी ओळ टाकली होती: उत्तराला उशीर झाला, सॉरी, अजून शोधतोय, शुक्रवारी पुन्हा लिहीन. दवाखान्याचं लगेच उत्तर आलं, ठीक आहे. मराठीत मात्र अशी एक ओळ लिहायला त्यांना लाज वाटली. अपमान होईल म्हणून त्या थांबल्या आणि काहीच गेलं नाही.

जुळाऱ्याचं तिसरं पत्र दोन ओळींचं होतं. 'यंत्र दुरुस्त होत नसेल तर तसेच परत पाठवावे. कळावे.' तेही ट्रेमध्ये गेलं.

नमुन्यांच्या सह्या झाल्या त्याला आठवडा झाला आणि भिंगवाले स्वतः जिना चढून वर आले. हातात यंत्र होतं. पार्सल फोडण्याच्या टेबलावर चिठ्ठी सुटून पडली होती आणि यंत्र बेवारशी डब्यात गेलं होतं. त्या डब्यात ज्यांचा मालक कळत नाही अशी यंत्रं टाकतात. तो डबा तीन महिन्यांत कुणी पालथा करून पाहिला नव्हता. "नोंदीतला नंबर बघून शोधलं असतं तर पहिल्याच दिवशी सापडलं असतं," ते खाली बघत म्हणाले. "मीही नाही शोधलं. राहून गेलं. नळीत मळ अडकला होता, बाई. नळी बदलली. वीस मिनिटांचं काम."

यंत्र पार्सलानं गेलं. बाराव्या दिवशी जुळारी आणि त्याची बायको कंपनीत आले.

दोघं पायऱ्या चढून वर आले तेव्हा त्याला धाप लागली होती, तिला नव्हती. ती उंच, सडसडीत बाई होती. कानामागं यंत्र लावलेलं दिसत होतं. पुढच्या खोलीत इस्त्रीसाहेबांनी त्यांना खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. उत्तरेबाई आपल्या टेबलाशी होत्या, मधलं दार उघडं होतं.

जुळाऱ्यानं खिशातून नमुन्याचं पत्र काढलं आणि टेबलावर उलगडून ठेवलं. "हे तुमचंच ना?"

"हो, काका. झालेल्या गैरसोयीबद्दल आम्हाला खरंच—"

"माझं नाव बघा," तो म्हणाला. त्यानं नावावर नख ठेवलं. "बाकी सगळा मजकूर एका टाइपात आहे आणि माझं नाव दुसऱ्यात. अर्ध्या पॉइंटानं मोठंच आहे. आमच्या छापखान्यात असं प्रूफ आलं असतं तर मालकानं तोंडावर फेकलं असतं. मजकुरात मोकळी खिडकी ठेवून नाव घातलंय तुम्ही. माझं काढलं की दुसऱ्याचं बसतं."

"कॉम्प्युटरमुळं होतं ते. आम्ही सुधारू."

"नाव सुधारू नका. हे वाचा." नख खाली सरकलं. "संयमाबद्दल धन्यवाद. कुणाचा संयम? मी तीन पत्रं लिहिली. हिनं सहा रविवार फोन कानाला लावला आणि माझ्याकडे दिला. सातव्या रविवारी फोन आलाच नाही. त्या आठवड्यात हिची बहीण गेली. तुमचा हा कागद आम्हाला तिच्या तेराव्या दिवशी मिळाला."

उत्तरेबाईंनी हातातला कागद बाजूला सारला. नुसती शरम असती तर बरं झालं असतं, शरमेनं माणूस खाली बघतो आणि निभतं. ही शिसारी होती. त्या कागदाखाली त्यांची सही होती, निळ्या शाईची, वळणदार. त्यांना आपल्या बोटांना वास येतोय असं वाटलं.

"आम्ही अत्यंत दिलगीर आहोत," इस्त्रीसाहेब म्हणाले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. मग ते जुळाऱ्याच्या बायकोकडं वळले आणि आवाज मोठा करून एकेक शब्द सुटा बोलले, "आम्ही, अत्यंत, दिलगीर, आहोत."

"ओरडू नका," ती म्हणाली. ती पहिल्यांदाच बोलत होती. "आता ऐकू येतंय मला. दिलगीर आहात ते पत्रात वाचलं. तुमची माफी ऐकायला नाही आले मी. माझं यंत्र कुठं होतं, तेवढं सांगा."

"तांत्रिक कारणामुळं—"

"तांत्रिक म्हणजे काय हो?"

साहेबांनी पाण्याचा पेला पुढं सरकवला. ती म्हणाली, "माझ्या भाचीला वाटतंय की मावशी मुद्दाम फोनवर आली नाही. आईशी जुनं काही होतं, त्याचा राग काढला. तिला मी काय सांगू? यंत्र बिघडलं होतं म्हटलं, तर म्हणाली दहा आठवडे? कुणाचं यंत्र दहा आठवडे बिघडतं? मी म्हटलं कंपनीचं पत्र दाखवते. आणि पत्र हे. यात काही नाहीच. माझ्याकडून उशीर झाला, आणि का झाला ते माझ्याकडे नाही. तिच्यापुढं मी कुठल्या तोंडानं उभी राहू?"

उत्तरेबाई उठल्या. साहेबांनी त्यांच्याकडं पाहून मान किंचित हलवली, नको म्हणून. त्या आत आल्या आणि तिसरी खुर्ची ओढून तिच्या समोर, यंत्र लावलेल्या कानाच्या बाजूला बसल्या.

"सही माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं यंत्र इथंच होतं. याच इमारतीत, खाली."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. पार्सल कुठल्या टेबलावर फोडलं, चिठ्ठी कशी सुटली, बेवारशी डबा म्हणजे काय. नोंदीतल्या नंबरावरून शोधायला हवं होतं, ते ना कारागिरानं केलं ना त्यांनी पुन्हा खाली जाऊन विचारलं. नळीत मळ होता आणि काम वीस मिनिटांचं होतं, हेही सांगितलं. त्यांनी काही गाळलं नाही.

"आणि माझी पत्रं?" जुळाऱ्यानं विचारलं.

"मिळाली. तिन्ही मिळाली. दुसरं मी दोनदा वाचलं. बहिणीचं, रविवारचं, सगळं वाचलं." त्या पुढं सरकल्या. "उत्तर लिहायला बसले होते मी. वाटलं, इतक्या चांगल्या पत्राला नुसतं 'शोधतोय' असं कसं लिहायचं, काय झालं ते कळलं की नीट लिहू. म्हणून ठेवलं. मग त्याच्यावर दुसरी पत्रं आली. त्याच दिवसांत एका दवाखान्याला एका ओळीत कळवून मोकळी झाले होते मी. तुम्हाला तेवढंही कळवलं नाही."

"एक ओळ आली असती तर मी दुसरीकडून यंत्र मागून आणलं असतं," जुळारी हळू म्हणाला. "शेजारच्या आजोबांचं जुनं पडून होतं. वाटलं, आज येईल उद्या येईल."

हे उत्तरेबाईंना माहीत नव्हतं. त्यांनी मान खाली घातली नाही.

जुळाऱ्याच्या बायकोनं 'असू दे' म्हटलं नाही. मग म्हणाली, "आत्ता जे बोललात ते लिहून द्या. असंच. डब्याचं, नळीचं, वीस मिनिटांचं. तुमच्या ट्रेचंही."

"बाई," इस्त्रीसाहेब म्हणाले, "असं कंपनीच्या कागदावर देता येणार नाही. वकिलांना विचारावं लागेल."

"मग विचारा," उत्तरेबाई म्हणाल्या, "तोवर मी लिहिते."

त्यांनी आपल्या टेबलाशी बसून हातानं लिहिलं, दोन पानं. वरती कंपनीचं नाव छापलेलं होतं. भाचीच्या नावानं नाही, मावशीच्याच नावानं लिहिलं, म्हणजे ती ज्याला हवं त्याला दाखवील. 'क्षमस्व' कुठं घातलं नाही. शेवटी फक्त लिहिलं की हे आमच्याकडून, आणि त्यातलं पत्रांचं माझ्याकडून झालं. जुळाऱ्यानं उभ्यानं वाचलं, एका ठिकाणी बोट ठेवून म्हणाला, "इथं तारीख चुकली आहे, दुसरं पत्र अठराला टाकलं होतं." उत्तरेबाईंनी तारीख दुरुस्त केली. मग दोघं जिना उतरून गेले, ती पुढं, तो कठडा धरून मागं.

संध्याकाळी घरी धाकटीनं विचारलं, जेवत का नाहीस. उत्तरेबाईंनी सगळं सांगितलं. धाकटी दवाखान्यातली, रडणं ऐकायची तिला सवय. ती म्हणाली, "ताई, आमच्याकडे नातेवाईक हेच विचारतात. माणूस का वाचला नाही, यापेक्षा काय झालं होतं ते सांगा म्हणतात. न सांगितलं की तेच त्यांना आयुष्यभर खातं."

"मी सांगितलं ना."

"दहा आठवड्यांनी सांगितलंस," धाकटी म्हणाली. ती लागेल असं बोलत नव्हती, पण लागलं.

दोन दिवसांनी इस्त्रीसाहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं. आवाज नेहमीसारखाच होता. दोन पानांची प्रत त्यांच्यापुढं नव्हती, ती काढलीच नव्हती, आणि त्याचाच त्यांना जास्त राग होता. लेखी समज मिळाली. यापुढं उत्तरेबाईंनी फक्त डावा ट्रे बघायचा. मराठीची पत्रं नमुन्यावर जातील आणि त्याला सहीचीही गरज राहणार नाही, छापील सही पुरेल.

"आणि कुणाचं यंत्र पुन्हा असं हरवलं तर?" त्यांनी विचारलं. "इंग्रजीतसुद्धा तिथं एक ओळ चालत नाही साहेब. तुमच्या पद्धतीनं बघितलं तरी हा नमुना चुकीचा आहे."

"त्यासाठी दुसरा नमुना करू," साहेब म्हणाले. ते खरंच करणार होते. त्यांनी वहीत टिपूनही घेतलं.

उत्तरेबाईंनी राजीनामा द्यायला हवा होता, असं त्यांचं त्यांनाच वाटलं. दिला नाही. दोन वर्षं राहिली होती आणि धाकटीचे गुडघे आताच बोलायला लागले होते. त्या परत टेबलाशी आल्या, डाव्या ट्रेमधलं पहिलं पत्र घेतलं, आणि एका दवाखान्याला उशिराबद्दल एका ओळीत सॉरी म्हणून पुढं तारीख लिहिली. पत्र चोख होतं. आपण इतकं चोख लिहू शकतो याचाही त्यांना त्या क्षणी वीट आला.

भिंगवाल्यांनी मात्र त्या दिवसापासून बेवारशी डबा दर शनिवारी टेबलावर पालथा करायला सुरुवात केली. कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्याच शनिवारी त्यातून चार जणांची यंत्रं निघाली. त्या चौघांनाही नमुन्याची पत्रं गेलेली होती.

दीड महिन्यानं जुळाऱ्याचं पत्र आलं, पाकिटावर 'उत्तरेबाई' एवढंच. कुणीतरी त्याला तेच नाव सांगितलं असणार. चपराशानं ते उजव्या ट्रेमध्ये टाकायच्या आधी त्यांच्या हातात दिलं. 'भाचीला आपली दोन पाने दाखवली. तिने वाचली आणि परत वाचली. दुसऱ्या दिवशी तिने सौ.ला विचारले, मावशी, आई फोनवर काय बोलायची गं तुझ्याशी? मग दोघी पुष्कळ वेळ बोलल्या. आता सगळे गोड झाले असे मी लिहिणार नाही, कारण झालेले नाही. सौ. अजून रविवारी सकाळी त्या फोनच्या खोलीत बसत नाही. आपल्यावरचा तिचा राग गेलेला नाही, हेही खरे आहे. पण काय घडले ते तिला माहीत आहे, आणि आता ती रागाने का होईना झोपते. कळावे.'

पलीकडच्या खोलीत छपाईयंत्र चालू होतं. दुपारचा गठ्ठा निघत होता, तीस-चाळीस तरी कागद, प्रत्येकावर एकच संयम आणि एकच धन्यवाद. उत्तरेबाईंनी पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, उठल्या, मधलं दार लावून घेतलं, आणि जुळाऱ्याला उत्तर लिहायला बसल्या.